नव्या संगणक प्रयोगशाळेसाठी ४६ मॉनिटरचे दरपत्रक मागविण्याबाबत

जा. क्र. संगणक/खरेदी/१४/२०२६-२७
दिनांक : ८ जून २०२६

प्रेषक :
प्रयोगशाळा समन्वयक,
संगणकशास्त्र विभाग,
कोल्हापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
संगणक विक्री व सेवा विभाग,
राजारामपुरी, कोल्हापूर

विषय : नव्या संगणक प्रयोगशाळेसाठी मॉनिटरचा तपशील व नगसंख्या कळवून दरपत्रक मागविण्याबाबत.

संदर्भ : आपल्या प्रतिनिधींनी गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेस दिलेली भेट व त्यानंतर दूरध्वनीवर झालेले बोलणे.

महोदय,

आमच्या विभागाची दुसऱ्या मजल्यावरील नवी प्रयोगशाळा या सत्रात सुरू होत आहे. टेबले बसली, वायरिंग झाले, मिनी पीसीही आले आहेत. आता फक्त मॉनिटर राहिले आहेत. आपल्या प्रतिनिधींनी जागा पाहिलीच आहे, तरी तोंडी बोलण्यात गफलत नको म्हणून सगळा तपशील लेखी कळवत आहे. दरपत्रक याच तपशिलाप्रमाणे यावे.

एकूण नग ४६. त्यांची विभागणी अशी :

विद्यार्थ्यांच्या जागा (१० च्या ४ रांगा) : ४०
शिक्षकांचे टेबल (एका पीसीला दोन मॉनिटर) : २
प्रयोगशाळा सहायकांचे टेबल : १
राखीव : ३

सर्व ४६ नग एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे असावेत. "चाळीस या मॉडेलचे आणि सहा त्याच्या पुढच्या मॉडेलचे, दर तोच" असा प्रस्ताव कृपया देऊ नये. राखीव नग कुठल्याही टेबलावर जसाच्या तसा बसला पाहिजे, नाहीतर तो ठेवून उपयोग नाही.

आवश्यक तपशील :

पडदा : २३.८ इंच, सपाट, आयपीएस पॅनेल, एलईडी बॅकलाइट
रिझोल्यूशन : १९२० × १०८०
रिफ्रेश रेट : किमान ७५ हर्ट्झ
प्रकाशमानता : किमान २५० निट्स
काँट्रास्ट : किमान १००० : १ (स्थिर, डायनॅमिकचा आकडा धरला जाणार नाही)
पृष्ठभाग : मॅट, चकाकी न मारणारा
जोडणी : किमान १ एचडीएमआय व १ डिस्प्लेपोर्ट
माउंटिंग : १०० × १०० मिमी व्हेसा, स्टँड बसवल्यावरही मोकळे राहणारे
स्टँड : पुढे-मागे झुकणारा, उंची कमी-जास्त होण्याची गरज नाही
वीज : पूर्ण प्रकाशमानतेवर २५ वॅटच्या आत, स्टँडबायला ०.५ वॅटच्या आत
वीजपुरवठा : आतील पॉवर सप्लाय, ३ पिनी ६ अँपिअर प्लगची केबल
सोबत : प्रत्येक नगासोबत १.५ मीटरची एचडीएमआय केबल
इतर : फ्लिकर-फ्री बॅकलाइट, केन्सिंग्टन लॉकची खाच, बीआयएस नोंदणी

यातल्या काही मुद्द्यांवर आपल्या प्रतिनिधींशी चर्चा झाली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत महत्त्वाची बाब व्हेसा छिद्रांची. आमचे मिनी पीसी टेबलावर किंवा खाली न ठेवता ब्रॅकेटने मॉनिटरच्या पाठीवर बसवायचे आहेत. एम४ स्क्रू आणि ब्रॅकेट आमच्याकडे आलेले आहेत. अडचण अशी, की बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये स्टँडची मान त्याच चार छिद्रांत बसते. स्टँड लावला की छिद्रे संपली, आणि ब्रॅकेट लावायचा तर मॉनिटर उभा कशावर करायचा? माहितीपत्रकात मात्र दोन्ही प्रकारांत "व्हेसा १०० × १००" एवढेच छापलेले असते. त्यामुळे कागदावरच्या नोंदीवर आम्ही थांबणार नाही. स्टँड लावलेल्या अवस्थेत मॉनिटरच्या मागच्या बाजूचा फोटो दरपत्रकासोबत जोडावा. ७५ × ७५ मिमीची छिद्रे आमच्या ब्रॅकेटला चालत नाहीत. पीसी व ब्रॅकेट मिळून साधारण दीड किलो वजन मागे येईल. तेवढ्यावर मॉनिटर मागे कलंडता कामा नये, आणि शेजारच्या मुलाचा कोपर टेबलाला लागला तरी डुलत राहू नये.

आपल्या प्रतिनिधींनी २७ इंची घ्या, दरात फारसा फरक पडणार नाही असे सुचवले होते. सूचनेबद्दल आभार, पण ते नको. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला टेबलाची अडीच फूट, म्हणजे ७६ सेंमी रुंदी येते. २३.८ इंची मॉनिटर सुमारे ५४ सेंमी घेतो, शेजारी २२ सेंमी उरतात आणि तेवढ्यात प्रॅक्टिकलचे ए-४ जर्नल नेमके मावते. २७ इंचाला जेमतेम १५ सेंमी उरतात, मग जर्नल मांडीवर घ्यावे लागते. शिवाय १९२० × १०८० हेच बिंदू मोठ्या पडद्यावर ताणले की प्रत्येक बिंदू ०.२७ मिमीवरून ०.३१ मिमीवर जातो. आमची टेबले दोनच फूट खोल असल्याने मुले पडद्याच्या जवळ बसतात. त्या अंतरावर इंग्रजी अक्षर एक वेळ चालून जाते, पण मराठी टायपिंगच्या तासाला "ष्ट्र" आणि "द्ध्य" यांचे काने-कोपरे फुटलेले दिसतात. वक्र पडदाही नको. एका मॉनिटरवर दोघे-दोघे काम करतात आणि शिक्षक बाजूला उभे राहून बघतात, तिथे वक्राचा काही फायदा नाही.

आयपीएसचा आग्रहही त्याचसाठी. टीएन पॅनेलवर खालून किंवा बाजूने पाहिले की रंग उलटे होतात. कोड एडिटरमध्ये फिकट राखाडी रंगातली कॉमेंट मागे उभ्या असलेल्या शिक्षकाला दिसतच नाही. दरपत्रकात "वाइड व्ह्यूइंग अँगल पॅनेल" असे मोघम लिहू नये, पॅनेलचा प्रकार स्पष्ट असावा. खोलीच्या खिडक्या पश्चिमेला आहेत आणि दुपारी तीननंतर ऊन थेट मागच्या दोन रांगांवर येते, म्हणून मॅट पृष्ठभाग आणि २५० निट्स यांत सवलत नाही.

रिफ्रेश रेट १०० हर्ट्झ मिळत असेल तर आनंदच आहे, मात्र त्यासाठी वाढीव दर नको. आत स्पीकर असले तरी हरकत नाही, पण त्यांचे पैसे लावू नयेत. ४० स्पीकर एकदम सुरू झालेली प्रयोगशाळा आम्हाला चालवायची नाही.

जोडणीबाबत : आमच्या मिनी पीसीला एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट आहे. शिक्षकांच्या टेबलावर दोन्ही वापरात येतील, म्हणून मॉनिटरलाही दोन्ही हवेत. त्या टेबलासाठी १.५ मीटरची एक डिस्प्लेपोर्ट केबल वेगळी धरावी. व्हीजीए जास्तीचे असेल तर असू दे. पण "एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय, वर कन्व्हर्टर फुकट" हे चालणार नाही. कन्व्हर्टर सहा महिन्यांत सैल होतो आणि मग मॉनिटर बिघडला म्हणून तक्रार येते. खोक्यात व्हीजीए केबल आणि बिलावर एचडीएमआय असाही प्रकार होतो. म्हणून माल उतरवतानाच खोकी उघडून केबली मोजल्या जातील.

विजेची मर्यादा आम्ही उगाच घातलेली नाही. खोलीला ५ केव्हीएचा यूपीएस आहे, पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे हातात ४००० वॅट. ४२ पीसी प्रत्येकी ६५ वॅटने धरले तर २७३० होतात. वापरातले ४३ मॉनिटर २५ वॅटने १०७५. एकूण ३८०५, म्हणजे बसते. मॉनिटर ३० वॅटचा आला की बेरीज ४०२० वर जाते आणि सगळी खोली एकदम सुरू असताना यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारणार. बाहेरचा अडॅप्टर असलेले मॉडेल शक्यतो टाळावे, कारण झाडताना ते पायात येतात आणि एक हरवला की मॉनिटर बंद पडून राहतो. बाकी सर्व निकषांत बसणारे आतील सप्लायचे मॉडेल आपल्याकडे नसेल, तरच अडॅप्टरचे मॉडेल टेबलाखालच्या क्लॅम्पसह सुचवावे आणि तसे स्पष्ट लिहावे.

हमी : पॅनेलसह पूर्ण मॉनिटरला ३ वर्षे, जागेवर सेवा. तक्रार नोंदवल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत माणूस यावा. मागील खरेदीच्या वेळी एका पुरवठादाराने बिघडलेला मॉनिटर पुण्याच्या सेवा केंद्रात आम्हीच पाठवावा असे सांगितले, आणि जाण्यायेण्याचा खर्चही आमच्याच माथी आला. म्हणून कोल्हापुरात सेवा कोण देणार, हे दरपत्रकातच लिहून द्यावे. बसवल्यापासून ३० दिवसांत एकही कायम पेटलेला किंवा मेलेला पिक्सेल दिसल्यास तो नग बदलून मिळावा. त्यानंतर कंपनीचे धोरण लागू राहील, त्याची प्रत जोडावी.

दर प्रति नग आणि एकूण, दोन्ही द्यावेत. १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवावा, एचएसएन ८५२८ नमूद करावा. वाहतूक, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवणे आणि बसवणे दरातच धरावे. इमारतीला लिफ्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आगाऊ रक्कम देण्याची पद्धत आमच्याकडे नाही. माल तपासून बसवल्यावर ९० टक्के आणि ३० दिवसांनी उरलेली १० टक्के रक्कम धनादेशाने दिली जाईल. जुने मॉनिटर बदल्यात घेण्याचा प्रस्ताव यात मिसळू नये. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराकडेच द्यायचे आहेत आणि त्याची कार्यवाही स्वतंत्र होईल.

मंगळवार, १६ जून रोजी सकाळी ११ वाजता सुचवलेल्या मॉडेलचा एक नग प्रयोगशाळेत आणावा. आमचा पीसी मागे लावून, चारच्या उन्हात मागच्या रांगेत ठेवून तो पाहिला जाईल. नग दोन दिवस आमच्याकडे राहील, तशी पोच दिली जाईल. सीलबंद दरपत्रक गुरुवार, १८ जूनला दुपारी ४ पर्यंत विभागाच्या कार्यालयात पोहोचावे. पाकिटावर "मॉनिटर दरपत्रक – नवी प्रयोगशाळा" असे लिहावे. खरेदी समितीची बैठक शनिवार, २० जूनला आहे आणि इतर पुरवठादारांकडूनही याच तपशिलावर दर मागवले आहेत.

खरेदी आदेश मिळाल्यास सर्व माल १० जुलैपूर्वी येथे पोहोचणे बंधनकारक राहील. ही तारीख सत्रासाठी जितकी आहे, तितकीच पावसासाठीही आहे. माल पुण्याहून येणार असेल, तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली होती, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पुराचे कारण आम्ही नाकारणार नाही, पण त्याआधी पुरेसा वेळ दिलेला आहे. टेम्पोवर ताडपत्री असावी. भिजलेले खोके उघडून न पाहता परत केले जाईल. मालासोबत ४६ अनुक्रमांकांची यादी आणि बीआयएस नोंदणी क्रमांक द्यावा.

तपशिलात काही अडचण असल्यास १२ जूनपर्यंत लेखी कळवावे, म्हणजे सर्व पुरवठादारांना एकच खुलासा देता येईल. प्रयोगशाळेत मी दररोज दुपारी २ ते ५ असतो.

आपला,

प्रयोगशाळा समन्वयक,
संगणकशास्त्र विभाग

सोबत : प्रयोगशाळेचा बैठक आराखडा (१ पान), मिनी पीसीच्या ब्रॅकेटचे मापचित्र (१ पान)

प्रत माहितीसाठी : १) मा. प्राचार्य २) लेखा विभाग ३) खरेदी समिती नस्ती