सदनिका रिकामी करण्याची नोटीस (मूळ इंग्रजी नोटिशीचा मराठी अनुवाद)

दिनांक: २० एप्रिल २०२६
प्रति: परवानाधारक, सदनिका क्र. ४०३, कोथरूड, पुणे

महोदय,

आपल्यातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार १ ऑक्टोबर २०२५ ते ३१ ऑगस्ट २०२६ असा ११ महिन्यांचा आहे. त्यातील ६ महिन्यांचा लॉक-इन कालावधी ३१ मार्च २०२६ रोजी संपला. या काळात दोघांपैकी कोणालाही करार मोडता येत नव्हता, आता येतो. लॉक-इन संपला म्हणजे करार संपला, असे मात्र नाही.

कलम ९ नुसार नोटीस कालावधी ३० दिवसांचा असून तो ही नोटीस आपल्या हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजला जाईल, वरील तारखेपासून नव्हे. घर मला स्वतःच्या वापरासाठी हवे असल्याने ३१ मे २०२६ रोजी संध्याकाळी ६ पर्यंत ते रिकामे करून चाव्या द्याव्यात. नोटीस २१ एप्रिलला मिळाली, तर ३० दिवस २१ मे रोजी भरतात. पुढचे १० दिवस सवलतीचे. त्यांचेही परवाना शुल्क, महिना २२,००० रुपयांच्या दराने, द्यावे लागेल.

अनामत ६०,००० रुपये चाव्या मिळाल्यापासून ७ दिवसांत परत करीन. त्यातून फक्त थकीत वीजबिल आणि मोडतोडीचा खर्च पावतीसह वजा होईल. वापराने होणारी नेहमीची झीज धरणार नाही. मेचे शुल्क अनामतीतून वळते करून घेता येणार नाही.

अनुवाद सोयीसाठी आहे. अर्थामध्ये फरक आढळल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य.

आपला,
परवानादाता (घरमालक)