अनघासाठी कौल: ५३वा हेक्साग्राम, ज्यान

अनघा,

तू कळवलेल्या नाण्यांच्या सहा फेकी खालून वर मांडल्या: ६, ८, ७, ८, ७, ७. आय चिंग या प्राचीन चिनी कौलग्रंथातला ५३वा हेक्साग्राम, म्हणजे सहा ओळींची आकृती, आला: ज्यान. खाली पर्वत, वर लाकूड; डोंगरावर हळूहळू वाढणारं झाड. तुझा प्रश्न होता, "निनादचं आणि माझं असंच सावकाश चालू द्यावं, की आत्याच्या आग्रहाखातर दिवाळीनंतरचा मुहूर्त धरावा?" इतकं थेट उत्तर मी क्वचित पाहिलंय. मूळ निर्णयच असा आहे: मुलगी सासरी जाते, शुभ, नेटानं राहण्यात हित.

हे शुभ क्रमानं येतं. प्राचीन चीनमध्ये लग्नाचे सहा विधी असत: मागणी, मुलीचं नाव विचारणं, पूर्वजांच्या मंदिरात कौल, भेटवस्तू, दिवस ठरवणं आणि शेवटी नवऱ्यानं स्वतः न्यायला येणं. त्यातल्या पाच विधींत रानहंस नेत. ज्यानच्या सहाही ओळींत हाच हंस आहे, आधी काठावर, मग खडकावर, पुढे माळ, झाड, टेकडी असा चढत जाणारा. याच्या लगेच पुढचा ५४वा हेक्साग्राम घाईच्या लग्नाचा, आणि त्याचा निर्णय अशुभ. तो तुला आलेला नाही.

तुझी बदलती ओळ पहिली आहे, तिन्ही नाणी दोनाची पडून सहा झालेली; सहा आला की ती ओळ उलटून दुसरा हेक्साग्राम बनतो. "हंस काठाशी येतो. धाकटा मुलगा संकटात. बोलणं होतं. दोष नाही." निनाद घरात धाकटा, आणि थोरल्याचा संसार मोडल्यापासून तो जपून पावलं टाकतो, हे तूच सांगितलंस. लोक बोलतायत, आत्याही बोलते. ओळ म्हणते, त्यात तुमचा दोष नाही. बोलणं थांबावं म्हणून तारीख काढू नकोस.

पण एक गोष्ट तुला रुचणार नाही, तरी सांगते. काठ म्हणजे सुरुवात. तुम्ही दोघं दोन वर्षांत खूप पुढे आलात, पण दोन्ही घरं अजून एकदाही समोरासमोर बसलेली नाहीत. हंस सावकाश जातो, पण एका जागी राहत नाही. सावकाशपणाच्या आडून ही भेट टाळली जात असेल, तर तिथे ज्यान तुमच्या बाजूनं नाही.

ओळ बदलली की ३७वा येतो, कुटुंब: अग्नीतून निघणारा वारा. तिथे सांगितलंय, बोलण्यात तथ्य असावं आणि वागण्यात सातत्य. म्हणून आत्याला "बघू" म्हणू नकोस. आम्ही लग्न करणार आहोत, आधी घरं भेटतील, मग तारीख, असं नीट सांग.

हंसाचा पुढचा मुक्काम खडक, आणि त्या ओळीत आनंदानं खाणंपिणं आहे. निनादच्या आईवडिलांना याच महिन्यात जेवायला बोलवा. त्या दिवशी मुहूर्ताचा विषय काढू नका. जेवण होऊन गेलं की मग तारखेसाठी नवा प्रश्न घेऊन नाणी टाक; तोवर पुन्हा विचारू नकोस.

तुझी,
सुलभामावशी