हप्त्याच्या आत काय असतं?

स्लाइड 1
पहिलं घर घेताय?
कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी व्याज, मुदत आणि हप्ता हे तीन आकडे एकमेकांना कसे ओढतात ते बघा.
पुढे सरकवा 👉

स्लाइड 2
आपलं उदाहरण
पिंपरी-चिंचवडमधलं जोडपं. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 85,000. तयार फ्लॅट, किंमत 50 लाख.
कर्ज: 40 लाख
व्याजदर: 8.5 टक्के
मुदत: 20 वर्षं
हप्ता: साधारण 34,713 रुपये

बहुतेक जण याच आकड्याशी थांबतात. "पस्तीस हजार ना? जमेल." जमेलही, पण त्या पस्तीस हजारांतलं घराकडे किती जातं ते आधी पाहू.

स्लाइड 3
व्याज: बाकीवर लागतं
गृहकर्जाचं व्याज मूळ रकमेवर वीस वर्षं तसंच लागत राहत नाही. जेवढं मुद्दल शिल्लक, तेवढ्यावरच लागतं.
पहिल्या महिन्यात बाकी पूर्ण 40 लाख, म्हणून:
व्याज 28,333
मुद्दल 6,380
म्हणजे पहिल्या हप्त्यातल्या दर शंभर रुपयांतले साधारण 82 व्याजाचे. पुढे दर महिन्याला मुद्दलाचा वाटा थोडा थोडा वाढतो. हप्ता तोच राहतो, आतली वाटणी बदलते.

स्लाइड 4
पाच वर्षांनंतरचं स्टेटमेंट
माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून वहीत लिहून घ्यायला सांगते.
पाच वर्षांत भरलेले हप्ते: सुमारे 20 लाख 83 हजार
कमी झालेलं मुद्दल: सुमारे 4 लाख 75 हजार
अजून बाकी: सुमारे 35 लाख 25 हजार

एक ताई हे बघून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, बँकेनं चूक तर केली नाही ना?" चूक नव्हती, हिशोब असाच चालतो. पण चार-पाच वर्षांत फ्लॅट विकून मोठा घ्यायचा विचार असेल, तर तो आजच माहीत असायला हवा.

स्लाइड 5
मुदत: हप्ता हलका, कर्ज जड
कर्ज 40 लाख, दर 8.5 टक्के:

15 वर्षं ▸ हप्ता 39,390 ▸ एकूण व्याज सुमारे 30.9 लाख
20 वर्षं ▸ हप्ता 34,713 ▸ एकूण व्याज सुमारे 43.3 लाख
30 वर्षं ▸ हप्ता 30,757 ▸ एकूण व्याज सुमारे 70.7 लाख

वीसची तीस वर्षं केली की महिन्याला चार हजारांहून थोडे कमीच वाचतात, आणि व्याज 27 लाखांनी वाढतं. माझं मत स्पष्ट आहे: हप्ता बसत नाही म्हणून तीस वर्षं घ्यावी लागत असतील, तर आधी घराच्या किमतीचा पुन्हा विचार करा.

स्वतःचा हिशोब एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये करायचा असेल तर हे टाका:

```
=PMT(8.5%/12,240,-4000000)
```

दर, महिने आणि रक्कम तुमची घाला.

स्लाइड 6
दर बदलतो तेव्हा
बँकांची बहुतेक नवी गृहकर्जं फ्लोटिंग दराची असतात. ऑक्टोबर 2019पासून बँकांनी असे दर रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाला जोडले. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो दर. रिझर्व्ह बँकेनं रेपो हलवला की तुमचा दरही हलतो.

हे किती लवकर घडतं? मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला. समजा, त्याआधी कुणी 7 टक्क्यांनी 40 लाख घेतले होते. हप्ता साधारण 31,012. दर 9.5 टक्के झाला आणि बाकी साडेएकोणचाळीस लाख धरली, तर एका महिन्याचं नुसतं व्याजच 31,270 होतं. हप्ता पूर्ण भरूनही कर्ज कमी होत नाही!

अशा वेळी अनेकांच्या मुदती न कळत वाढल्या. ऑगस्ट 2023मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडता आलं पाहिजे. तुमच्या बँकेचा असा मेसेज आला तर तो वाचून उत्तर द्या.

स्लाइड 7
कर्जाबाहेरचे पैसे
30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. आपल्या जोडप्याला लागणारे स्वतःचे पैसे:
डाउन पेमेंट 10 लाख
स्टँप ड्यूटी 7 टक्के, म्हणजे 3.5 लाख
नोंदणी फी 30,000
एकूण 13 लाख 80 हजार. प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, सोसायटीचा खर्च, सामान हलवणं हे वेगळं.
(घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टँप ड्यूटीत एक टक्का सवलत आहे. इथे 50,000 वाचतात.)

स्लाइड 8
झेपेल का? घरीच करून बघा
घर घेण्याआधी सहा महिने हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. आता भाडं 14,000 भरत असाल, तर वरचे 20,713 बाजूला काढा. गणपती-दिवाळीचा महिना, शाळेची फी, गाडीचा विमा, सगळं सांभाळून ती रक्कम हात न लावता राहिली तर हप्ता झेपतो. नाही राहिली तर कर्ज कमी घ्या. शिवाय सहा हप्ते, म्हणजे दोन लाखांहून थोडे जास्त, आजारपणासाठी किंवा नोकरी गेली तर म्हणून ठेवा. डाउन पेमेंटसाठी घर अगदी रिकामं करू नका.

स्लाइड 9
बोनस आला की
वर्षाला एक जादा हप्ता मुद्दलात भरला, तर 20 वर्षांचं हे कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. व्यक्तीनं घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर बँक यासाठी दंड घेऊ शकत नाही. भरताना "मुदत कमी करा" असं लेखी सांगा.

स्लाइड 10
सावधान, इथे थांबा
वरचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आणि जवळपासचे आहेत. तुमचा दर सिबिल स्कोर, नोकरी आणि बँक यांवर ठरेल. या स्लाइड्स म्हणजे तुमच्यासाठीचा वैयक्तिक सल्ला नाही.

कोऱ्या फॉर्मवर सही नको. कर्जासोबत विमा जोडला जात असेल तर त्याचा हप्ता कर्जातच मिसळलाय का ते विचारा, कारण मग त्यावरही वीस वर्षं व्याज भरावं लागतं. बिल्डरचा माणूस "आजच बुक करा, दर उद्या वाढतोय" म्हणाला तरी घाई करू नका.

बँकेकडून की फॅक्ट स्टेटमेंट मागा. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत देणं बँकेवर बंधनकारक आहे, म्हणून मराठीतच मागा. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते त्यात असतं. ते पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य असतं. ते घरी न्या, दोघांनी मिळून वाचा, आणि त्या मुदतीच्या आतच सही करायला जा.