ग्राहक सल्लागार मंडळ, तिसरी बैठक : इतिवृत्त

शनिवार, १४ जून २०२५, सकाळी ११, पुणे कार्यालय.
विषय : गृहनिर्माण संस्थांचे हिशेब सॉफ्टवेअर.
हजर : कोथरूडच्या संस्थेच्या खजिनदार, ठाण्याचे सचिव, नाशिकचे अध्यक्ष, बावीस संस्थांची वह्या-पुस्तके सांभाळणारे डोंबिवलीचे लेखापाल, कंपनीकडून उत्पादन प्रमुख आणि टिपणकार.

मागच्या इतिवृत्तावर खजिनदारबाईंनी हरकत घेतली. "तुम्ही ‘बघतो’ म्हणालात, मी कमिटीला ‘होणार’ म्हणून सांगितलं." हरकत मान्य. यापुढे ‘बघतो’ हा शब्द इतिवृत्तात येणार नाही. होणार आणि न होणार एवढेच लिहायचे.

सदस्यांचे म्हणणे

निम्मा वेळ थकबाकीच्या व्याजात गेला. आदर्श उपविधींप्रमाणे व्याज सरळ, जास्तीत जास्त २१ टक्के. आपले सॉफ्टवेअर व्याजावरही व्याज लावते. लेखापालांनी फळ्यावर मांडून दाखवले : १०,००० रुपये थकले तर पहिल्या महिन्याचे व्याज १७५ रुपये, दुसऱ्याचेही १७५च हवे, आपले बिल १७८ रुपये ६ पैसे दाखवते. "तीन रुपयांवरून सर्वसाधारण सभा दीड तास चालली," असे सचिव म्हणाले. चूक आमची आहे, हे उत्पादन प्रमुखांनी मान्य केले.

यूपीआयने पैसे येतात, पण फ्लॅट क्रमांक येत नाही. भाडेकरूने भरले तर नावही भलतेच. खजिनदारबाई दर महिन्याला बँकेचा उतारा घेऊन बसतात.

मराठी नोटिशीत जोडाक्षरे तुटतात. अध्यक्षांनी आणलेल्या कागदावर ‘व्याज’ ‘व् याज’ असे छापलेले होते.

कबूल केले

व्याजाची आकारणी ३१ जुलैपर्यंत सरळ व्याजावर येईल. जुनी बिले आपोआप बदलणार नाहीत; सदस्यनिहाय फरकाची यादी मिळेल, वळते करायचे की नाही ते कमिटीने ठरवावे.

जोडाक्षरे २० ऑगस्टपर्यंत दुरुस्त होतील. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत आणि नोटीस १४ पूर्ण दिवस आधी, म्हणून त्यापुढे तारीख ढकलता येणार नाही.

न जुळलेल्या जमांची यादी सप्टेंबरअखेर, पण फक्त कोथरूड आणि ठाण्याच्या संस्थांत चाचणीसाठी.

कबूल केलेले नाही

थकबाकीदारांची नावे व्हॉट्सॲप गटावर आपोआप टाकणे. सचिवांचा आग्रह होता. कंपनीने स्पष्ट नकार दिला.

देखभाल शुल्क महिना ७,५०० रुपयांवर गेले की जीएसटी पूर्ण रकमेवर की वरच्या रकमेवर, याचा निवाडा सॉफ्टवेअर करणार नाही. संस्थेने सनदी लेखापालांना विचारावे.

इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती : नाही. पुढच्या वर्षी दरवाढ न करणे : हमी नाही. यावर अध्यक्षांनी नाराजी नोंदवायला सांगितली, नोंदवली.

पुढची बैठक शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५, ठाण्यात. हरकती २१ जूनपर्यंत लेखी कळवाव्यात.

— टिपणकार