डबक्याच्या काठावरून पळालेला मुलगा

शेमस हीनी यांचा पहिला महत्त्वाचा कवितासंग्रह १९६६ साली आला. संग्रहाला ज्या कवितेचं नाव आहे ती ‘डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट’ अवघ्या ३३ ओळींची. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी परगण्यात, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या या कवीने बालपण संपण्याचा क्षण एका कुजक्या डबक्याच्या काठावर पकडला आहे. बालपण सरण्याविषयीच्या कविता बहुधा हळव्या होतात. ही होत नाही, म्हणून ती मला फार मोलाची वाटते.

ते डबकं साधं नव्हे. जवसाच्या झाडापासून लिनन काढायचं तर त्याच्या पेंढ्या पाण्यात बुडवून कुजवाव्या लागतात, तेव्हाच धागा काडीपासून सुटतो. आपल्याकडे अंबाडीचा वाख काढायला हेच करतात, आणि तो वास ज्याने घेतलाय त्याला कवितेची पहिली ओळ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पेंढ्या तरंगू नयेत म्हणून वर मातीची मोठाली ढेपळं ठेवलेली. ऊन अंग भाजून काढणारं. पाण्यातून बुडबुडे येतात, निळ्या माश्या घोंघावतात, आणि त्या घोंघावण्याचं जणू तलम कापड दुर्गंधीभोवती विणलं जातं. चतुर आहेत, ठिपक्यांची फुलपाखरंही आहेत.

म्हणजे सडणं पहिल्यापासून आहेच. मुलाला ते खुपत नाही, इतकंच. त्याला सगळ्यात आवडतात ती काठाच्या सावलीत साकळलेली बेडकांची अंडी: कोमट, दाट, बुळबुळीत. दर वसंतात तो ती जॅमच्या बरण्यांत भरतो, घरी खिडकीत आणि शाळेत फळीवर मांडतो आणि वाट बघत बसतो. काळे ठिपके फुगतात, फुटतात, बेडूकमासे सुळकन पोहू लागतात. मग मिस वॉल्स सांगतात की बाबा बेडूक असा ओरडतो आणि आई बेडूक शेकडो अंडी घालते. बेडकांवरून हवामानही कळतं: उन्हात पिवळे, पावसात तपकिरी. बाईंनी ओरडणंही सांगितलं, अंडीही सांगितली. या दोहोंच्या मधलं मात्र गाळलं. पहिलं कडवं या हवामानाच्या धड्यावर थांबतं, आणि ज्ञान किती सोपं असतं असं वाटत राहतं.

दुसरं कडवं एका उकाड्याच्या दिवसाने सुरू होतं. शेतात शेणाचा उग्र दर्प आहे. मुलगा कुंपणातून वाकून येतो, आणि आधी काही दिसतच नाही, ऐकू येतं: कधी न ऐकलेलं एक भसाडं डरांव डरांव. माझ्या मते क्षण हाच. पहिल्या कडव्यात तो हातांनी आणि डोळ्यांनी जग घेत होता, कधी काय घ्यायचं ते ठरवत होता. आवाज असा निवडता येत नाही. तो खर्जातला घोष हवेत दाटून येतो आणि मुलाला वेढतो.

मग ते दिसतात. थुलथुलीत पोटांचे बेडूक ढेपळांवर दबा धरून बसलेत, ढिले गळे शिडांसारखे फुगताहेत. काही उड्या मारतात, तो चपचप आवाजही त्याला अश्लील धमकीसारखा वाटतो. काही चिखलाच्या हातबॉम्बसारखे, आता फुटतील असे बसलेत. लाडाचे बाबा बेडूक, आई बेडूक आता चढाई करून आलेले बुळबुळीत राजे झाले आहेत. ढेपळं तीच, डबकं तेच. बेडूकही दर वसंतात जे करतात तेच करताहेत.

ही कविता वयात येण्याची म्हणून शिकवतात. फुगलेले गळे आणि ‘अश्लील’ हा शब्द पाहता त्यात चूक नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर बरण्या विसरल्या जातात. मुलाला वाटतं की हे राजे सूड घ्यायला जमले आहेत. सूड कशाचा? दर वर्षी त्यानेच तर अंडी नेली होती. तेव्हा तो खेळ होता, अभ्यास होता, शाळेतलं कौतुक होतं. आज पहिल्यांदा त्याच खेळाकडे तो बेडकांच्या बाजूने पाहतो आणि खेळाची चोरी होते. देहाची किळस आणि अपराधाची जाणीव या कवितेत एकाच दुपारी येतात, आणि मला दुसरी जास्त खोलवर जाणारी वाटते.

म्हणूनच शेवटची प्रतिमा हाताची आहे. त्याला मळमळतं, तो वळतो आणि पळत सुटतो. त्याला पक्कं कळून चुकलेलं असतं की आपण हात बुडवला असता तर त्या अंड्यांनीच तो धरला असता. इतकी वर्षं हाताने अंडी धरली, आता अंडी हात धरणार. शाळेत तपासायला घेतलं तर हे साफ खोटं आहे; अंडी काही धरत नाहीत. पण मिस वॉल्सनी न शिकवलेली, पूर्णपणे त्याची स्वतःची अशी या कवितेतली पहिली समज तीच आहे.