मार्चचे शुल्क दोनदा कापल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

दिनांक : २४ मार्च २०२५

प्रति,
प्रमुख, बिलिंग व ग्राहक तक्रार विभाग

विषय : ७ मार्च व ९ मार्च रोजी एकाच महिन्याचे सदस्यत्व शुल्क दोनदा घेतल्याबाबत

संदर्भ : खाते क्रमांक ७७०४१८३२, तक्रार क्रमांक ५५१९०६ (१० मार्च) आणि ५५८२४७ (१७ मार्च)

महोदय / महोदया,

गेली चार वर्षे मी आपल्या स्ट्रीमिंग सेवेची सदस्य आहे. दर महिन्याच्या ७ तारखेला माझ्या कार्डावरून शुल्क जाते आणि आजवर त्यात कधी घोळ झालेला नाही. या महिन्यात मात्र ते दोनदा गेले. त्यातले एक मला परत हवे आहे. दोन वेळा तक्रार नोंदवूनही काम झाले नाही, म्हणून हे पत्र.

घडले ते असे. माझ्या जुन्या कार्डाची मुदत फेब्रुवारीअखेर संपली आणि नवे कार्ड आपल्या साइटवर नोंदवायचे माझ्याकडून राहून गेले. ही चूक माझी, ती मान्य आहे. शुक्रवारी, ७ मार्चला सकाळी आपली ईमेल आली : 'पेमेंट होऊ शकले नाही. कृपया कार्डाची माहिती अद्ययावत करा. आम्ही दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न करू.' यातले शेवटचे वाक्य कृपया लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

त्याच रात्री घरातली मंडळी टीव्हीसमोर बसली, तर पडद्यावर मालिकेऐवजी पैसे भरण्याची सूचना. मी फोनवरून खाते उघडले, ४४१६ या आकड्यांनी संपणारे नवे कार्ड टाकले, ओटीपी दिला. रात्री ९.१२ ला बँकेचा मेसेज आला, ९.१३ ला आपली पावती आली आणि मालिका सुरू झाली. पैसे भरण्याचे बटण मी एकदाच दाबले होते. चाक फिरत राहिले म्हणून दुसऱ्यांदा दाबले, असा प्रकार झालेला नाही.

रविवारी, ९ मार्चला सकाळी ६.०४ वाजता बँकेचा आणखी एक मेसेज आला. तेच कार्ड, तीच रक्कम, आपलेच नाव. त्या वेळी घरात कुणी जागेही नव्हते. त्या आधी किंवा नंतर मी योजना बदललेली नाही, जादा स्क्रीन घेतलेली नाही, काही भाड्याने पाहिलेले नाही.

माझा अंदाज सरळ आहे. सात तारखेचा फसलेला व्यवहार आपल्या यंत्रणेने 'दोन दिवसांनी पुन्हा' या रांगेत टाकला. मी त्याच रात्री स्वतः पैसे भरले, पण रांगेतला तो प्रयत्न कुणी रद्द केला नाही. दोन दिवस पुरे होताच यंत्रणेने ठरल्याप्रमाणे पुन्हा पैसे मागितले आणि आता खात्याला धडधाकट कार्ड जोडलेले असल्याने ते मिळाले. आतले तांत्रिक कारण वेगळेही असू शकेल, ते आपण शोधावे. एका महिन्याचे पैसे दोनदा गेले एवढे मात्र नक्की.

आता मला मिळालेल्या उत्तरांविषयी. १० मार्चला चॅटवरील आपल्या प्रतिनिधींनी सांगितले की दुसरी नोंद म्हणजे बँकेने तात्पुरती राखून ठेवलेली रक्कम आहे, पाच ते सात दिवसांत आपोआप सुटेल. असे होते हे मलाही माहीत आहे, म्हणून मी मुकाट्याने वाट पाहिली. १२ मार्चला दोन्ही नोंदी कार्डाच्या विवरणपत्रात पक्क्या झाल्या. राखून ठेवलेली रक्कम अशी पक्की होत नाही; तिथे पक्की नोंद झाली याचा अर्थ पैसे आपण घेतले आहेत.

१७ मार्चला पुन्हा संपर्क केला तेव्हा उत्तर बदलले होते : 'आमच्याकडे एकच पेमेंट दिसते, बँकेला विचारा.' बँकेला विचारले. बँकेने दोन्ही व्यवहार आपल्याकडे जमा झाल्याचे सांगून दोन्हींचे वेगवेगळे संदर्भ क्रमांक दिले आणि वर आपल्यालाच विचारायला सांगितले. मी दोन दारांमधला चेंडू झाले आहे, आणि प्रत्येक दारात आधी पंचवीस मिनिटे थांबावे लागते.

त्याच दिवशी असेही विचारण्यात आले की घरातल्या कुणाचे दुसऱ्या ईमेलवर वेगळे खाते आहे का. नाही. तरीही मी घरातल्या तिघांच्या ईमेल आणि फोनच्या अॅप स्टोअरमधली सदस्यत्वांची यादी तपासली. आपले दुसरे सदस्यत्व कुठेही नाही.

आपल्याच नोंदींमधली एक गोष्ट पाहावी. माझ्या खात्यातील बिलांच्या पानावर मार्चचे एकच बिल आहे, ७ तारखेचे. त्याखाली पुढील बिलाची तारीख आजही ७ एप्रिल दिसते. ९ मार्चचे पैसे कुठल्या सेवेसाठी घेतले असते, तर त्याचे बिल निघाले असते किंवा ही तारीख महिनाभर पुढे गेली असती. दोन्ही झालेले नाही. म्हणजे त्या पैशांच्या बदल्यात मला काहीच मिळालेले नाही, हे आपलेच पान सांगते.

शेवटी एका प्रतिनिधींनी 'पुढचा महिना मोफत' देऊ केला. त्यांचा हेतू चांगला होता आणि बोलणेही सौजन्याचे होते, पण मला ते नको आहे. माझे पैसे कार्डावरून गेले, ते कार्डावरच परत यावेत. पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे की नाही, हे मी ठरवेन.

तेव्हा माझी मागणी अशी : ९ मार्चला घेतलेली पूर्ण रक्कम ४४१६ ने संपणाऱ्या कार्डावर ३ एप्रिलपर्यंत परत पाठवावी. जुन्या कार्डावर पाठवू नये, ते बंद आहे. परतावा पाठवल्यावर त्याचा संदर्भ क्रमांक ईमेलने कळवावा, म्हणजे बँकेत तो शोधता येईल. 'प्रक्रिया सुरू आहे' एवढ्यावर बँक काही शोधून देत नाही. शिवाय माझ्या खात्यावर असा एखादा जुना प्रयत्न अजून रांगेत असेल, तर ७ एप्रिलच्या आत तो काढून टाकावा.

३ एप्रिलपर्यंत रक्कम किंवा परताव्याचा संदर्भ क्रमांक मिळाला नाही, तर ४ तारखेला मी बँकेकडे ९ मार्चच्या व्यवहाराविरुद्ध रीतसर हरकत नोंदवेन. त्याचा अर्ज भरून तयार आहे. ती हरकत त्या एकाच व्यवहारापुरती असेल. ७ मार्चच्या शुल्काबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यामुळे हरकतीचे कारण देऊन माझे खाते गोठवू नये, हेही आत्ताच लिहून ठेवते.

सोबत ७ मार्चची आपली ईमेल व पावती, बँकेचे दोन्ही मेसेज, दोन्ही नोंदी असलेले विवरणपत्राचे पान (बाकीचे खर्च झाकले आहेत), बँकेने दिलेले दोन्ही संदर्भ क्रमांक, खात्यातील बिलांच्या पानाचा आज सकाळी घेतलेला स्क्रीनशॉट आणि दोन्ही चॅटची प्रत जोडली आहे. कार्डाचा पूर्ण क्रमांक मी ईमेलवर किंवा चॅटवर देणार नाही, कृपया तो मागू नये.

उत्तर खात्याशी जोडलेल्या ईमेलवरच पाठवावे. फोन करायचा असल्यास संध्याकाळी सहानंतर करावा, पण बोलणे झाल्यावर जे ठरेल ते लेखी हवे.

आपली,
मृणाल
खातेधारक, खाते क्रमांक ७७०४१८३२