विषय: दावा क्र. 2025/0417, डाळ मिल आग, कळमना, नागपूर: अंतिम सर्व्हे अहवाल

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक (अग्निविमा दावे),
नागपूर विभागीय कार्यालय

महोदय,

दिनांक 18 जुलै 2025 रोजी कळमना येथील डाळ मिलमध्ये लागलेल्या आगीच्या नुकसानीचा अंतिम अहवाल, छायाचित्रे व हिशेबाच्या कागदपत्रांसह, विमा कंपनीच्या अधिकारांस बाधा न येता सोबत सादर करीत आहे. आगीचे कारण पॅनेलमधील शॉर्ट सर्किट असून अग्निशमन दलाचा दाखला त्याच्याशी जुळतो.

विमाधारकाने एकूण 27,84,000 रुपयांचा दावा केला आहे. त्यांपैकी मालाचा दावा 18,40,000 रुपयांचा आहे. त्यांच्या यादीत आगीच्या आदल्या संध्याकाळीच रवाना झालेली 32 क्विंटल डाळ धरलेली होती. गाडीची काटा पावती आणि ई-वे बिल दाखविल्यावर त्यांनी ती 3,20,000 रुपयांची रक्कम वगळण्यास लेखी मान्यता दिली. उरलेल्या मालाला विक्रीभाव लावलेला असल्याने नफ्याचे 1,00,000 रुपये कमी केले. मालाचे ढोबळ नुकसान अशा रीतीने 14,20,000 रुपये ठरते. मालावर घसारा लावलेला नाही.

पाण्याने भिजलेली 100 क्विंटल तूर ऐन पावसाळ्यात चार दिवसही टिकली नसती, म्हणून आपल्या संमतीने तीन व्यापाऱ्यांचे भाव मागवून ती पशुखाद्यासाठी 21 रुपये किलोने विकली. त्याचे 2,10,000 रुपये वजा जाता मालाचे निव्वळ नुकसान 12,10,000 रुपये होते.

यंत्रांचा दावा 9,44,000 रुपयांचा आहे. जीएसटीचे 1,44,000 रुपये विमाधारकास परताव्यात मिळत असल्याने वगळले. विमा बाजारमूल्यावर असल्यामुळे सात वर्षे वापरलेल्या फोडणी व पॉलिश यंत्रांच्या 6,50,000 रुपयांवर 35 टक्के आणि दोन वर्षांच्या पॅनेल व वायरिंगच्या 1,50,000 रुपयांवर 10 टक्के, असा एकूण 2,42,500 रुपये घसारा धरला आहे. विमाधारकाचा यास आक्षेप आहे. मात्र यंत्रांची मूळ बिले व जळालेल्या बेअरिंगची झीज पाहता मला दर कमी करण्यास आधार दिसला नाही. 1,900 किलो लोखंडाचे 25 रुपये दराने 47,500 आणि तांबे व मोटारींचे 10,000 असे साल्व्हेज 57,500 रुपये वजा केल्यावर यंत्रांचे निव्वळ नुकसान 5,00,000 रुपये राहते. हे भंगार मिलमध्येच आहे व याच किमतीत ठेवून घेण्याची विमाधारकाची तयारी आहे.

यंत्रांचे बाजारमूल्य 66 लाख आणि विमारक्कम 60 लाख आहे. ही तूट पॉलिसीतील 15 टक्क्यांच्या सवलतीत बसत असल्याने अल्पविम्याची कपात केलेली नाही. मालाची विमारक्कम पुरेशी होती. एकूण 17,10,000 रुपयांतून 5 टक्के अनिवार्य कपातीचे 85,500 रुपये वजा जाता निर्धारित नुकसान 16,24,500 रुपये आहे.

पॉलिसीवर बँकेचे नाव नोंदलेले आहे, त्यामुळे रक्कम देण्यापूर्वी बँकेचे पत्र घ्यावे, ही विनंती. माझे फी बिल स्वतंत्र जोडले आहे.

आपला विश्वासू,
परवानाधारक सर्व्हेअर व नुकसान निर्धारक,
धंतोली, नागपूर
14 ऑगस्ट 2025